ओला-सुका कचरा एकत्र केल्यास दंड : सोसायटीची नोटीस कधी टिकते?

'पुढील महिन्याच्या १ तारखेपासून ओला व सुका कचरा एकत्र टाकणाऱ्या सदनिकाधारकास दंड आकारण्यात येईल. — सचिव.' अशा दोन ओळींची सूचना गृहनिर्माण संस्थांच्या फलकावर आता लहान शहरांतही दिसू लागली आहे. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी स्वतंत्र घरे व वाडे यांच्या जोडीला तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि सामाईक जिना, सामाईक पाण्याची टाकी यांच्याबरोबर सामाईक कचराही आला. सूचना लागते, पहिला आठवडा शिस्तीचा जातो आणि मग कोणीतरी विचारतो : 'दंड लावणारे तुम्ही कोण?' बहुतेक सूचना या प्रश्नापाशी अडखळतात.

दंडाची सूचना टिकण्यासाठी तीन गोष्टींची पूर्तता व्हावी लागते. दंड लावण्याचा अधिकार सिद्ध असावा लागतो, नियमभंग म्हणजे नेमके काय हे स्पष्ट असावे लागते आणि तो कोणी केला हे ओळखता यावे लागते. यांपैकी एक जरी निसटली, तरी सूचना कागदावरच राहते.

सचिवाचा अधिकार किती?

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव हा संस्थेचा पदाधिकारी असतो, दंडाधिकारी नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदणी झालेल्या संस्थेचा कारभार तिच्या नोंदणीकृत उपविधींनुसार चालतो. शासनाच्या आदर्श उपविधींमध्ये उपविधींचा भंग करणाऱ्या सभासदाला दंड करण्याची तरतूद आहे. परंतु कोणत्या भंगासाठी किती दंड, हे ठरविण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आहे. व्यवस्थापक समितीने व सचिवाने त्या ठरावाची अंमलबजावणी करावयाची असते. दंडापूर्वी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देणे व त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. शिवाय २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सतत चालू राहिलेल्या भंगासाठीही एका आर्थिक वर्षात पाच हजार रुपयांपलीकडे दंड नेता येत नाही. प्रत्येक संस्थेने स्वीकारलेले उपविधी थोडेफार वेगळे असू शकतात. म्हणून सूचना लिहिण्यापूर्वी संस्थेच्या कपाटातील शिक्का असलेली प्रत उघडून पाहणे, हे सचिवाचे पहिले काम ठरते.

येथे लहान शहरांतील एक अडचण लक्षात घ्यावी लागते. 'सोसायटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वच इमारती सहकारी संस्था नसतात. काही इमारतींची नोंद महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली असते. तेथे घोषणापत्र आणि त्याला जोडलेले अपार्टमेंटधारक संघाचे नियम लागू होतात. काही ठिकाणी तर बिल्डरने कोणतीच नोंदणी केलेली नसते आणि चार-पाच रहिवाशांची समिती वर्गणी गोळा करून कारभार पाहते. अशा समितीला दंड वसूल करण्याचा कायदेशीर आधार नसतो. तिने सर्वांच्या सह्यांचा लेखी करार करून घेतला तर तो परस्पर संमतीचा भाग ठरतो. पण त्यास सहकारी संस्थेच्या दंडाचे वजन येत नाही.

पालिकेचा दंड आणि सोसायटीचा दंड

या दोन दंडांत नेहमी गल्लत होते. घरातच कचऱ्याचे वर्गीकरण करण्याचे बंधन संस्थेने घातलेले नाही, ते कायद्याने घातले आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ओला, सुका व घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे ठेवणे प्रत्येक कचरा निर्माण करणाऱ्यावर बंधनकारक झाले. त्यांची जागा घेणारे २०२६ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून त्यांत ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार प्रकार सांगितले आहेत. या नियमांचा भंग झाल्यास कारवाईचा अधिकार नगरपरिषद किंवा महानगरपालिकेचा. तो दंड पालिकेच्या तिजोरीत जातो.

संस्थेचा दंड संस्थेच्या उपविधींच्या भंगासाठी असतो, तो संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि त्याची रीतसर पावती द्यावी लागते. 'शासनाच्या नियमानुसार दंड' असे संस्थेच्या सूचनेत लिहिणे म्हणूनच चुकीचे. अचूक वाक्य असे : 'कायद्याने वर्गीकरण बंधनकारक आहे, त्यासाठी संस्थेच्या सर्वसाधारण सभेने अमुक तारखेस ठराव केला आहे, त्या ठरावाचा भंग झाल्यास दंड होईल.'

पालिकेचा बडगा इमारतीवर पडला की संस्थेतील शिस्त आपोआप वाढते, असा एक समज आहे. मुंबई महानगरपालिकेने वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज शंभर किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संकुलांचा ओला कचरा २ ऑक्टोबर २०१७ पासून न उचलण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक संस्थांना मुदतवाढ मागावी लागली. खताची जागा, ती पाहणारा माणूस आणि दारोदारचे वर्गीकरण यांची तयारी तारखेपूर्वी झालेली नव्हती. कल्याण-डोंबिवलीतही २०२० मध्ये वर्गीकरण न केलेला कचरा न उचलण्याची मोहीम सुरू झाली. शेवगावातील वीस-पंचवीस सदनिकांची इमारत शंभर किलोच्या मर्यादेच्या बरीच खाली राहते. वर्गीकरणाचे बंधन मात्र आकारावर अवलंबून नाही. ते एकट्या घरालाही आहे.

चोवीस सदनिकांचे उदाहरण

समजा, शेवगावातील एका नोंदणीकृत संस्थेत चोवीस सदनिका आहेत व प्रत्येकीत सरासरी चार माणसे राहतात. म्हणजे शहाण्णव माणसे. लहान शहरात माणशी रोजचा घरगुती कचरा साधारण पाव किलो धरला, तर इमारतीचा कचरा रोज चोवीस किलोच्या आसपास जातो. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक, सुमारे तेरा किलो, ओला असतो. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, चिंध्या, झाडलोटीचा केर, डायपर व सॅनिटरी पॅड येतात.

हे तेरा किलो निर्भेळ राहिले, तर महिन्याला सुमारे चारशे किलो ओला कचरा मिळतो आणि दीड-दोन महिन्यांत कुजून त्याचे ऐंशी ते शंभर किलो खत होते. त्यासाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच असे तीन जाळीदार कप्पे पुरतात. एक कप्पा महिनाभर भरला जातो, तोवर आधीचे दोन कुजत राहतात. प्रत्येक थरावर पालापाचोळा, गव्हाचा किंवा तुरीचा भुसा अथवा पऱ्हाटीचा बारीक चुरा टाकावा लागतो. कापूस पिकविणाऱ्या या भागात पऱ्हाटी सहज मिळते. मूठभर कचरा हातात दाबल्यावर गोळा व्हावा आणि जेमतेम एखादा थेंब पाणी सुटावे, इतका ओलावा योग्य. पाणी निथळले आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा कमी व ओलावा जास्त आहे असे समजावे. भुसा मिसळून ढीग पालथा करावा. अमोनियाचा झोंबणारा वास आला, तरीही भुसाच वाढवावा. उन्हाळ्यात मात्र कप्पा कोरडा पडतो, कुजणे थांबते आणि पाणी शिंपडावे लागते.

आता याच ढिगात एका घरातून एक डायपर, फुटलेली काचेची बरणी आणि औषधांच्या पत्र्या आल्या असे समजा. वजन अर्धा किलोदेखील नाही. पण त्या दिवशीचे तेरा किलो हाताने निवडल्याखेरीज कप्प्यात टाकता येत नाहीत. ते निवडणारा हात सफाई कामगाराचा असतो आणि काच त्याच हाताला लागते. उलट बाजूनेही नुकसान होते. आमटी सांडलेला पुठ्ठा किंवा दह्याने माखलेला कागद भंगारवाला घेत नाही. म्हणजे एका घराची मिसळ तेवीस घरांचे श्रम वाया घालविते. दंडाचे समर्थन करावयाचे, तर ते याच हिशेबावर करता येते. 'स्वच्छता राखा' या उपदेशावर दंड उभा राहत नाही.

मिसळ म्हणजे नेमके काय?

वाद बहुधा मधल्या वस्तूंवरून होतात. सूचनेसोबत वस्तूंची यादी नसेल, तर प्रत्येक पिशवीपाशी शास्त्रार्थ सुरू होतो. ओल्या कचऱ्यात भाजीची देठे, सालपटे, खरकटे, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, मांस-मासळीचे अवशेष आणि देवपूजेची फुले येतात. निर्माल्याचा दोरा व प्लास्टिकची पिशवी मात्र आधी काढावी लागते. खरकटे टाकताना पातळ पदार्थ गाळून घ्यावेत, अन्यथा डब्यात पाणी साचते.

नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय निसर्गतः कुजणारी असली, तरी लहान कप्प्यात त्यांना महिनोन् महिने लागतात. संस्थेने त्यांना वेगळे ठेवावयाचे ठरविले, तर तसे यादीत लिहावे. दुधाची पिशवी सुकी. पण ती धुऊन, वाळवून द्यावी आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीपासून सुटू देऊ नये. तो सुटा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो आणि पुढे खतात सापडतो. जेवण लागलेली कागदी ताटली सुक्यात टाकू नये. प्लास्टिकचा मुलामा नसेल तर ती फाडून ओल्यात टाकता येते. घराच्या झाडलोटीचा केर व केस सुक्या कचऱ्यात जावेत.

डायपर व सॅनिटरी पॅड हा सूचनांतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक सूचना 'ओला' व 'सुका' एवढ्यावरच थांबतात आणि संकोचामुळे तिसऱ्या डब्याचा उल्लेख टाळतात. परिणामी ही वस्तू कोणत्याही डब्यात टाकली तरी चूकच ठरते. ती कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावी, असे सूचनेत लिहिलेच पाहिजे. बल्ब, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदतबाह्य औषधे, रंगाचे डबे व पाऱ्याचा तापमापक हा विशेष काळजीचा कचरा. त्यासाठी रोजच्या डब्याची गरज नाही. तळमजल्यावर बंद पेटी ठेवून महिन्यातून एकदा ती पालिकेने ठरविलेल्या ठिकाणी पोहोचविणे पुरते.

कोणी केले, हे कसे कळणार?

दंडाची योजना येथेच सर्वाधिक वेळा कोसळते. जिन्याखाली एक मोठा पिंप आणि त्यात चोवीस घरांच्या काळ्या पिशव्या असतील, तर कोणती पिशवी कोणाची हे सांगता येत नाही. मग पिशवीतले वीजबिल किंवा कुरिअरचे वेष्टन शोधण्याचा प्रकार सुरू होतो. त्यावर आधारलेला दंड सुनावणीत टिकत नाही, कारण पिशवी दुसऱ्यानेही टाकलेली असू शकते. शिवाय लोकांच्या कागदपत्रांची उचकापाचक नवा वाद उभा करते.

सामाईक पिंप काढून टाकणे, हा उपाय साधा पण परिणामकारक आहे. सकाळी ठरलेल्या अर्ध्या तासात कामगाराने दारोदार जावे, घरमालकाच्या देखत उघडा डबा घ्यावा आणि मिसळ आढळल्यास डबा तेथेच परत करावा. काळ्या पिशव्या बंद कराव्यात, कारण त्यांत काय आहे ते दिसत नाही. कामगाराकडे सदनिका क्रमांकांची एक साधी वही असावी. नीट असल्यास खूण, मिसळ असल्यास फुली आणि शेजारी वस्तूचे नाव. 'डायपर ओल्यात' अशी तीन-चार शब्दांची नोंद पुरेशी असते. मात्र दंडाचा निर्णय कामगारावर टाकू नये. त्याने नोंद करावी, समिती सदस्याने त्याच दिवशी ती पाहून सही करावी. अन्यथा महिना अखेरीस रहिवाशांचा रोष पगारावर अवलंबून असलेल्या माणसावर उतरतो.

दंड सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. घंटागाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे आहेत का, आणि दारातून वेगळा घेतलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र तर होत नाही ना, हे आठवडाभर पाहावे. गाडीत सर्व एकत्र होत असेल, तर संस्थेने ओल्याचे खत आवारात करून सुका कचरा भंगारवाल्याला देण्याची सोय आधी करावी आणि नगरपरिषदेकडे लेखी तक्रार द्यावी. 'पुढे सगळे एकच होते' या आक्षेपाला उत्तर नसताना लावलेला दंड अन्यायाचा वाटतो, आणि तो वाटणे रास्तही असते.

ठरावापासून वसुलीपर्यंत

वरील चोवीस सदनिकांच्या संस्थेत योग्य क्रम असा राहील. समितीच्या बैठकीत प्रस्ताव व वस्तूंची यादी तयार करावी. वार्षिक सभा दूर असल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस, तर विशेष सभेची पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि विषयपत्रिकेत दंडाचा विषय स्पष्ट लिहावा लागतो. 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली तो आणू नये. गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. चोवीस सभासदांच्या संस्थेत ती सोळा होते. ठरावात टप्पे असावेत : पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्यांदा पन्नास रुपये, त्यानंतर शंभर रुपये. सुरुवातीलाच पाचशे रुपये ठेवले, तर समिती स्वतःच ते लावण्यास कचरते आणि एकालाही दंड न झाल्याने नियम मरतो.

ठरावानंतरचा एक पूर्ण महिना विनादंड नोंदीचा ठेवावा. समजा, त्या महिन्यात नऊ घरांपुढे फुल्या आल्या. वहीतील वस्तूंची नावे पाहिली, की त्यांतील किती घरांचा प्रश्न दुधाच्या पिशवीचा व करवंटीचा, म्हणजे माहितीचा आहे आणि किती घरांत डायपरसाठी तिसरा डबाच नाही, हे कळते. पहिल्या गटाला यादी समजावून सांगावी, दुसऱ्याला डबा घ्यावयास लावावा. त्यानंतरही ज्या दोन-तीन घरांच्या फुल्या उरतात, त्यांच्यासाठी दंड असतो.

फलकावर लावण्याचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो :

'सर्व सभासद व भाडेकरू यांस कळविण्यात येते की, दिनांक … रोजीच्या विशेष सर्वसाधारण सभेतील ठराव क्रमांक … नुसार ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा कचरा स्वतंत्र देणे बंधनकारक आहे. सोबत वस्तूंची यादी जोडली आहे. दिनांक … पर्यंत केवळ नोंद घेतली जाईल. दिनांक … पासून पहिल्या भंगास लेखी समज, दुसऱ्या भंगास रु. ५० व पुढील प्रत्येक भंगास रु. १०० दंड, सभासदाचे म्हणणे ऐकून, समिती आकारील. वर्षभरातील एकूण दंड उपविधींतील मर्यादेपलीकडे जाणार नाही. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्यावी. — व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून, सचिव.'

भाडेकरूच्या चुकीचा दंड सभासदाच्या, म्हणजे घरमालकाच्या नावे आकारावा, कारण संस्थेचा संबंध सभासदाशी असतो. घरमालकाने तो भाडेकरूकडून घ्यावा की नाही, हा त्या दोघांच्या करारातला प्रश्न. घरकाम करणाऱ्या बाईंकडून दंड मागण्याचा संस्थेला अधिकार नाही. मासिक बिलात दंड देखभाल खर्चात न मिसळता स्वतंत्र ओळीत दाखवावा. तो न भरल्यास पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे किंवा फलकावर नाव लावून बदनामी करणे, हे मार्ग समितीला उपलब्ध नाहीत. थकबाकीच्या वसुलीची कायदेशीर वाट आहे. पण शंभर रुपयांसाठी ती वाट धरणे कोणत्याही संस्थेला परवडत नाही. सभासदाला दंड अमान्य असेल, तर तो आधी समितीकडे लेखी हरकत घेऊ शकतो, सर्वसाधारण सभेत विषय आणू शकतो, कार्यपद्धतीबद्दल तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयाकडे दाद मागू शकतो आणि वाद कायम राहिल्यास अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ शकतो. त्या वेळी सभेचे इतिवृत्त, फलकावरील सूचनेची प्रत, वहीतील सहीनिशी नोंद आणि सुनावणीचा कागद हे चार पुरावे समितीपाशी असले, तर तिची बाजू भक्कम राहते.

योजना मार्गी लागली की नाही, हे जमा झालेल्या दंडावरून कळत नाही. दोन खुणा अधिक विश्वासार्ह आहेत. खताच्या कप्प्यातून चाळलेल्या खतात प्लास्टिकचे तुकडे दिसेनासे होतात, आणि भंगारवाला सुका कचरा न निवडता तोलून घेऊ लागतो. वहीत दंडाची रक्कम वाढत असेल पण चाळणीवर दुधाच्या पिशव्यांचे कोपरे तेवढेच सापडत असतील, तर दोष रहिवाशांपेक्षा यादीत किंवा कचरा गोळा करण्याच्या वेळेत आहे असे समजून समितीने ठराव पुन्हा सभेपुढे न्यावा.